दहावीच्या निकालाचं विश्लेषण: विषयवार टक्क्यांच्या पुढे जाऊन कच्चे दुवे कसे शोधायचे आणि सुधारणा आराखडा कसा बनवायचा

मे महिन्यात दहावीचा निकाल लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत संस्थेकडून नाहीतर शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून निकाल विश्लेषणाचं पत्र येतं. बहुतेक शाळांत मग तेच होतं, विषयवार टक्केवारीचा तक्ता भरायचा, खाली 'जादा तास घेऊ, सराव वाढवू, पालकांना बोलावू' असं लिहायचं, सही-शिक्का करून पाठवून द्यायचं. मी दहावीला गणित शिकवतो आणि परीक्षा विभागाचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे हा अहवाल दरवर्षी बनवतो, आणि माझं ठाम मत आहे की नुसत्या पासिंगच्या टक्क्यांवरून मुलं कुठे अडकतात ते कळत नाही, ते कळायला तीन गोष्टी कराव्या लागतात: कोण किती विषयात नापास आहे ते बघणं, अंतर्गतचे २० मार्क बाजूला काढून लेखीचे बघणं, आणि सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका पुन्हा उघडून बसणं. खाली हे सगळं क्रमाने लिहितोय. बोर्ड महाराष्ट्राचं, वर्ग दहावी, आणि समजायला सोपं जावं म्हणून एक शाळा धरून चालू, तिचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत.

आधी यादी साफ करा

बोर्डाच्या शाळा लॉगिनवरून निकाल घेतला की लगेच टक्के काढायला बसू नका. पहिल्यांदा यादी वेगळी करा. नियमित विद्यार्थी वेगळे, पुनर्परीक्षार्थी वेगळे, आणि फॉर्म नंबर १७ भरून खासगी बसलेले वेगळे. तुमची शाळा केंद्र किंवा संपर्क शाळा असेल तर १७ नंबरची मुलं तुमच्याच कागदांत दिसतात, पण ती तुमच्या वर्गात बसलेली नसतात. निकालाच्या दिवशी बोर्ड राज्याची जी मोठी टक्केवारी सांगतं ती नियमित विद्यार्थ्यांची असते, २०२५ ला ती ९४.१० होती, मग तुलना करायची तर आपलीही नियमितचीच आणि शक्यतो आपल्या विभागीय मंडळाशी, कारण नऊ विभागांच्या निकालात बराच फरक असतो, २०२५ ला कोकण ९८.८२ तर नागपूर ९०.७८.

दुसरं म्हणजे भाजक कोणता धरला ते अहवालात लिहा. आपल्या उदाहरणातल्या शाळेत ६४ जणांनी फॉर्म भरला, ६२ परीक्षेला बसले, ५४ पास झाले. बसलेल्यांवर काढलं तर ८७.१०, फॉर्म भरलेल्यांवर काढलं तर ८४.३८. बोर्ड बसलेल्यांवर काढतं म्हणून आपणही मुख्य आकडा तोच द्यायचा, पण ते दोघं का बसले नाहीत याची एक ओळ अहवालात पाहिजेच. लग्न झालं, ऊसतोडीला गेला, आजारी होता, जे असेल ते. ती दोन मुलं टक्क्यात कुठेच दिसत नाहीत, आणि खरं तर शाळेच्या हातातून सगळ्यात जास्त निसटलेली तीच असतात.

तिसरी गोष्ट, निकालावर छापलेली टक्केवारी विश्लेषणासाठी वापरू नका. ती बेस्ट ऑफ फाइव्हची असते, म्हणजे सहा विषयांपैकी ज्यात सगळ्यात कमी मार्क तो विषय टक्केवारीतून बाहेर. एखाद्या मुलीला ७४ टक्के आहेत आणि गणितात ३७, तर टक्केवारी बघून तुम्हाला गणिताचा पत्ताही लागणार नाही. शिवाय चित्रकला ग्रेड, खेळ, लोककला यांचे सवलतीचे गुणही एकूणमध्ये मिळवलेले असतात. म्हणून कायम विषयाचे मार्क घ्यायचे.

एक्सेलची शीट

शीट साधी ठेवा. A मध्ये बैठक क्रमांक, B नाव, C तुकडी, D ते I मध्ये सहा विषय (मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे). J मध्ये किती विषयात नापास. K मध्ये गणिताचे अंतर्गतचे मार्क आणि L मध्ये गणिताचे लेखी. ओळी २ ते ६५, म्हणजे ६४ मुलं. गैरहजर असेल तिथे AB टाका, शून्य नका टाकू.

विषयाचा पासिंग टक्का (हा गणिताचा), मग मुलागणिक नापास विषय, मग लेखीचे मार्क:

```
=COUNTIF(G2:G65,">=35")/COUNT(G2:G65)
=IF(COUNT(D2:I2)=0,"AB",COUNTIF(D2:I2,"<35")+COUNTIF(D2:I2,"AB"))
=IF(ISNUMBER(G2),G2-K2,"AB")
```

दुसऱ्या फॉर्म्युल्यात ते IF मुद्दाम घातलंय. नुसतं COUNTIF वापरलं तर जी दोन मुलं बसलीच नाहीत त्यांच्यापुढे ० येतो आणि '० विषयात नापास' म्हणजे पास असं धरून मोजलं की तुमचे पास ५४ चे ५६ होतात. असं झालंय का ते ओळखायचं कसं, तर J मधले शून्य मोजा आणि बोर्डाच्या पास आकड्याशी लावून बघा. जुळलं नाही तर पुढे जाऊ नका. कधीकधी एकत्रित उत्तीर्णतेच्या सवलतीमुळे एखाद्या विषयात ३५ च्या खाली असूनही मुलगा पास ठरलेला असतो, तेव्हा फरक त्याचाही असू शकतो, अशी नावं हाताने तपासून बाजूला टिपून ठेवायची. आणि मार्क 035 असे तीन आकडी मजकूर म्हणून आले असतील तर एक्सेल त्यांना संख्या मानत नाही, फॉर्म्युला #DIV/0! दाखवतो, तेव्हा आधी ते कॉलम संख्येत बदलून घ्या.

आपल्या शाळेचा तक्ता असा आला:

| विषय | बसले | पास | टक्के |
|---|---|---|---|
| मराठी | ६२ | ६१ | ९८.३९ |
| हिंदी | ६२ | ६० | ९६.७७ |
| इंग्रजी | ६२ | ५७ | ९१.९४ |
| गणित | ६२ | ५५ | ८८.७१ |
| विज्ञान | ६२ | ५८ | ९३.५५ |
| सामाजिक शास्त्रे | ६२ | ६० | ९६.७७ |

बऱ्याच शाळांचा अहवाल इथेच संपतो, आणि निष्कर्ष काय तर गणित कच्चं, इंग्रजी कच्चं. पण हे कोणालाही निकाल न बघता सांगता आलं असतं.

एक सावधगिरी इथेच सांगतो. ६२ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे १.६१ टक्के. मागच्या वर्षी गणित ९०.५ होतं आणि यंदा ८८.७ आलं म्हणून मीटिंगमध्ये गणिताच्या शिक्षकाला उभं करण्यात काही अर्थ नाही, तो एका मुलाचा फरक आहे. छोट्या शाळांनी टक्क्यांची तुलना करण्यापेक्षा तीन वर्षांचे नापासांचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत, गणित ६, ८, ७ असं. सलग तीन वर्षं तोच आकडा राहिला तर ती शाळेची अडचण, एकाच वर्षी वाढला तर आधी ती बॅच नववीत कशी होती ते बघायचं.

नापास कोण, किती विषयात

आता J कॉलम वापरा. तक्त्यातले विषयवार नापास मिळवले तर १ + २ + ५ + ७ + ४ + २ म्हणजे २१ होतात, पण नापास मुलं आठच आहेत. म्हणजे तीच ती मुलं वेगवेगळ्या विषयांत मोजली गेलीत. आठ जणांची फोड अशी निघाली: एका विषयात नापास तिघं (दोघं गणितात, एक इंग्रजीत), दोन विषयांत दोघं (एक गणित-इंग्रजी, एक गणित-विज्ञान), चार विषयांत दोघं, आणि एक जण सहाही विषयांत.

ही फोड समोर आली की चित्रच बदलतं. विज्ञानात चार नापास दिसतात, पण त्यातले तिघं चार किंवा जास्त विषयांत गेलेले आहेत, म्हणजे विज्ञानाच्या शिकवण्यात काही फार बिघडलंय असं या चार वरून म्हणता येत नाही. त्या तिघांची अडचण विषयाची नाहीच, त्यांची हजेरी काढून बघा, वाचन तपासा, घरचं विचारा. हे काम वर्गशिक्षकाचं आणि मुख्याध्यापकांचं, विषय शिक्षकाच्या जादा तासाने ते सुटणार नाही. उलट जी पाच मुलं एक-दोन विषयांत गेलीत त्यातल्या चौघांचं गणित आहे. नुसतं गणित सुटलं असतं तर दोन मुलं वाढली असती, ५६ पास, ९०.३२ टक्के. गणित आणि इंग्रजी दोन्ही सुटलं असतं तर चार वाढली असती, ५८ पास, ९३.५५ टक्के. अहवालात हे वाक्य लिहिलं की संस्थेच्या लोकांना लगेच समजतं जोर कुठे लावायचा, आणि एका विषयाच्या शिक्षकावर सगळं खापर फुटत नाही.

या पाच जणांचं काम आराखड्यात सगळ्यात वर लिहा, कारण त्याला वेळ थांबत नाही. एक-दोन विषयात गेलेल्यांना एटीकेटीवर अकरावीला प्रवेश घेता येतो आणि पुरवणी परीक्षा साधारण जून अखेर-जुलैत होते, तिचे फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतात आणि तेव्हा शाळेला उन्हाळी सुट्टी असते. मुलगा गावाला, नाहीतर नापास झाला म्हणून फोन उचलत नाही. त्यामुळे पाच नावं, पाच फोन नंबर, कोणते शिक्षक फोन करणार, फॉर्म भरला का, एवढा छोटा तक्ता निकालाच्या आठवड्यातच करा. तीन किंवा जास्त विषयांत गेलेल्यांनाही पुरवणीला बसता येतं, त्यांनाही कळवायचंच. आणि ३१, ३२, ३३ वर अडकलेला कोणी असेल तर त्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला सांगा, त्याचीही मुदत असते आणि पुनर्मूल्यांकनाला जायचं तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते.

अंतर्गतचे मार्क बाजूला काढा

माझ्या मते अहवालातला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे आणि हाच कोणी करत नाही. प्रत्येक विषय १०० मार्कांचा दिसतो, पण त्यातले ८० लेखीचे आणि २० शाळेने दिलेले, विज्ञानात ते प्रात्यक्षिकाचे. गणितात साधारण सगळ्यांनाच १६ ते १९ मिळतात. म्हणजे ज्याला एकूण ३५ आहेत आणि अंतर्गत १८, त्याने लेखीत ८० पैकी १७ मिळवलेत. तो पास आहे, पण त्याला गणित येतं असं कोणी म्हणणार नाही, आणि हा मुलगा विषयवार टक्केवारीत ९५ वाल्याच्या शेजारी बसलेला असतो.

बोर्डाच्या गुणपत्रकात ही फोड वेगळी दिसत नाही. पण अंतर्गतचे मार्क आपणच बोर्डाला पाठवलेले असतात, त्याची स्थळप्रत शाळेत असते. ती काढा, K मध्ये भरा, L मध्ये वजाबाकी आपोआप होईल. मग एक रेघ ओढा, ८० पैकी २८, म्हणजे लेखीचे ३५ टक्के. ही आपण आपल्यासाठी ओढलेली रेघ आहे, पास-नापास ठरवायला नाही, हे अहवालात स्पष्ट लिहा, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

आपल्या शाळेत गणितात ३५ ते ४४ च्या मध्ये १९ मुलं होती. वजाबाकी केल्यावर त्यातली १६ लेखीत २८ च्या खाली निघाली. नापास सात धरून एकूण २३. म्हणजे तक्त्यात गणित ८८.७१ आणि लेखीत ३९ जण, ६२.९० टक्के. हा २६ टक्क्यांचा फरक हीच गणिताची खरी स्थिती. सहाही विषयांसाठी हे करा, आणि ज्या विषयात हा फरक सगळ्यात मोठा तो पहिल्या नंबरचा कच्चा विषय, मग त्याचा पासिंग टक्का कितीही चांगला दिसू दे. काही शाळांत इथे सामाजिक शास्त्रं वर येतात आणि सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

यातून कोणी म्हणेल की अंतर्गत मार्क सढळ हाताने दिलेत असं आपणच लिहून द्यायचं का. मला वाटतं लपवून फायदा कोणाचाच नाही, पण बाहेर जाणाऱ्या प्रतीत फक्त विषयाची लेखी स्थिती लिहा आणि मुलागणिक फोड शाळेत ठेवा. नावं तर बाहेर जाऊच देऊ नका, पालक-शिक्षक संघाच्या सभेत दाखवायच्या प्रतीत फक्त आकडे.

वरच्या टोकाकडेही एक नजर टाका, ७५ च्या वर किती आणि ६० ते ७४ मध्ये किती. आपल्या गणितात ती दहा आणि बारा होती. त्या बारा जणांवर वेगळं काम होऊ शकतं, पण इथे त्यात शिरत नाही.

कच्चा दुवा उत्तरपत्रिकेत सापडतो

बोर्डाच्या उत्तरपत्रिका आपल्याकडे नसतात आणि गणित भाग १ ला किती, भाग २ ला किती हेही गुणपत्रकात कळत नाही. म्हणून 'कोणता घटक कच्चा' हे बोर्डाच्या निकालावरून लिहिणारा अंदाजाने लिहितोय असं समजा. खरा पुरावा जानेवारीतल्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत असतो. त्या रद्दीत घालू नका, निकाल लागेपर्यंत गठ्ठा बांधून ठेवा, एवढी एक सवय शाळेने लावून घेतली तरी विश्लेषण शक्य होतं.

सगळ्या ६२ जणांच्या बघायची गरज नाही. रेघेखालच्या २३ जणांच्याच काढा. आपल्या शाळेत दोघं सराव परीक्षेला नव्हते, २१ हाताला लागल्या. गणित भाग १, म्हणजे बीजगणित, ४० मार्क. एक मोठा कागद घ्या, आडवे प्रश्न, उभी मुलं, आणि प्रत्येक चौकटीत मार्क लिहायचे नाहीत, खूण करायची: सोडलाच नाही तर 'रि', सोडवला पण सुरुवातच चुकली तर 'सु', पद्धत बरोबर पण मध्ये चूक झाली तर 'म', पूर्ण बरोबर तर टिक. दोन शिक्षक मिळून बसले तर एका दुपारचं काम आहे.

आता चित्र काय दिसतं ते बघा. प्रश्न ४ आणि ५ जवळपास सगळ्यांचे 'रि', ते अपेक्षितच. पण प्रश्न २ ब आणि ३ ब मध्ये 'म' ची गर्दी होती, आणि ती एका प्रकरणात नाही तर तीन प्रकरणांत. तिथे थांबून प्रत्यक्ष ओळी वाचायच्या. x² − 6x − 3 = 0 हे सूत्राने सोडवताना मुलगा a, b, c बरोबर लिहितो, b² − 4ac लिहितो, (−6)² − 4 × 1 × (−3) हेही बरोबर मांडतो, आणि पुढच्या ओळीत ३६ − १२ = २४. पाहिजे होतं ३६ + १२ = ४८. तोच मुलगा रेषीय समीकरणात 2x − 3y = 7 मधून 2x + y = 3 वजा करतो आणि −2y = 4 लिहितो, पाहिजे होतं −4y = 4. श्रेढीत १२, ९, ६ चं विसावं पद काढताना १२ + १९ × (−३) पर्यंत येतो आणि उत्तर ६९ काढतो, ऋण ४५ च्या जागी. तीन प्रकरणं, तीन वेगळे प्रश्न, चूक एकच. त्याला वर्गसमीकरण येतं, रेषीय समीकरणही येतं, श्रेढीचं सूत्रही पाठ आहे, येत नाही ते ऋण चिन्ह, म्हणजे सहावी-सातवीतल्या पूर्णांक संख्या. २१ पैकी १४ जणांनी ही चूक किमान दोन प्रकरणांत केली होती.

अहवालात 'वर्गसमीकरणे, श्रेढी, रेषीय समीकरणे हे घटक कच्चे' असं गेलं असतं तर पुढच्या वर्षी त्याच प्रकरणांची अजून वीस-वीस उदाहरणं मुलांनी केली असती आणि त्याच चुका अजून वीस वेळा केल्या असत्या. म्हणून कच्चा घटक लिहिताना प्रकरणाचं नाव लिहून थांबू नका, चुकीची ओळ लिहा.

दुसरी गोष्ट 'रि' मध्ये सापडली. सध्याच्या आराखड्यात प्रश्न १ चे ८ मार्क एका वाक्याचे-पर्यायांचे, आणि प्रश्न २ अ चे ४ व ३ अ चे ३ कृतीचे, जिथे पायऱ्या छापून दिलेल्या असतात आणि फक्त चौकटी भरायच्या. म्हणजे एका भागात १५ आणि दोन्ही भाग मिळून ८० पैकी ३० मार्क असे आहेत की अख्खं उदाहरण स्वतः मांडायला लागत नाही. आपली २८ ची रेघ यात पार होते. तरी २१ पैकी बऱ्याच जणांनी कृतीच्या चौकटी कोऱ्या ठेवल्या होत्या. मुलांना विचारल्यावर कळलं की कृती म्हणजे अवघड प्रश्न असा त्यांचा समज आहे, कारण वर्गात फळ्यावर आपण उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, चौकटीवाली कृती फारशी कोणी घेत नाही. मुलांना विचारणं हा विश्लेषणाचा भाग आहे, निकाल घ्यायला आलेल्या चार-पाच जणांना ती उत्तरपत्रिका पुढे ठेवून 'हे का सोडलंस' एवढंच विचारा, रागावू नका, ती खरं सांगतात.

इंग्रजीसाठीही असंच करायचं, फक्त खुणा बदलतात. तिथे उतारा वाचून उत्तर जसंच्या तसं उतरवलंय का, स्वतःच्या वाक्यात लिहायचा प्रश्न कोरा आहे का, आणि लेखनकौशल्याचा प्रश्न सुरू तरी केलाय का, एवढं बघितलं तरी वाचनात अडलंय की लिहिण्यात ते कळतं.

सुधारणा आराखडा

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करा, ज्यांचा हा निकाल आहे ती मुलं गेली. आराखडा आहे तो नवीन दहावीसाठी आणि खाली नववीसाठी. त्यामुळे जुन्या बॅचचा आजार नव्या बॅचला आहे का हे आधी तपासायचं, धरून चालायचं नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात अर्ध्या तासाची २० उदाहरणांची छोटी चाचणी घ्या, सगळी ऋण चिन्हाची: −७ − ५, −४ × −३, −3y − y, ५ − (−२), कंस सोडवणं, असली. मार्क निकालपत्रकात जाणार नाहीत हे मुलांना सांगा, नाहीतर ती शेजारच्याचं बघतात. समजा नवीन दहावीतल्या ५८ पैकी २६ जणांना १२ पेक्षा कमी आले. हे २६ म्हणजे तुमचा गट.

मग आराखड्याची ओळ अशी लिहायची की वाचणाऱ्याला पुढे काही विचारावं लागू नये. 'गणितात जादा तास घेणे' ही ओळ चालणार नाही. त्याऐवजी: 'पूर्णांकांवरील क्रिया आणि पद एकत्र करणे, २६ विद्यार्थी, मंगळवार व शुक्रवार पहिल्या तासाआधी ३५ मिनिटं, जुलै ते ऑगस्ट अखेर, जबाबदारी आठवीचे गणित शिक्षक, मोजमाप जूनचीच चाचणी आकडे बदलून ऑगस्टअखेर, अपेक्षा २६ पैकी निदान १८ जण १२ च्या वर.' आठवीचे शिक्षक मुद्दाम लिहिलेत, दहावीच्या शिक्षकाला पोर्शनचा ताण असतो आणि पूर्णांक शिकवायला मागे जायला त्याच्याकडे वेळ नसतो, आणि आठवीच्या शिक्षकांना कळतंही की पुढे जाऊन नेमकं काय तुटतं.

वेळ ठरवताना एसटी बघा. गावाकडे पाच नंतरचा जादा तास कागदावरच राहतो, कारण मुलींची मानव विकासची बस शाळा सुटल्यावर लगेच निघते, आणि ज्या थांबू शकतात त्यांना बहुतेक गरज नसते. पहिल्या तासाआधी जमत नसेल तर वेळापत्रकातलाच आठवड्याचा एखादा तास मोकळा करून घ्या, मुख्याध्यापकांची सही त्यावर घ्या.

कृतीसाठी वेगळा तास नको. गणिताच्या शिक्षकाने प्रत्येक प्रकरण संपताना दोन उदाहरणं चौकटीच्या रूपात द्यायची, वहीत नाही तर छापील कागदावर, पाच मिनिटांत भरून परत. प्रथम सत्र परीक्षेत दिवाळीच्या आधी किती चौकटी कोऱ्या राहिल्या ते मोजायचं. मोजमाप किती सोपं आहे बघा, मार्कही काढायला नकोत.

नववीसाठी एकच ओळ पुरे: पूर्णांकांची तीच चाचणी नववीलाही जूनमध्ये. आजार तिथेच सापडला तर त्यांच्या दहावीला पुन्हा तिथूनच सुरुवात करायची वेळ येत नाही.

आराखड्यात तीन-चार ओळींपेक्षा जास्त नको. मी वीस-वीस कलमांचे आराखडे बघितलेत, त्यात वाचन कट्टा, प्रेरणादायी व्याख्यान, पालक भेट, ध्यान असं सगळं असतं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं काहीच चालू नसतं.

अहवाल मांडायचा कसा

चार पानांत बसवा. पहिल्या पानावर सात-आठ ओळींत सगळं: किती बसले, किती पास, लेखीत गणिताची स्थिती काय, आठ नापासांची फोड, सापडलेली मुख्य चूक, आणि पुरवणीसाठी काय केलं. संस्थाचालक तेवढंच वाचतात आणि तेवढं वाचून त्यांना निर्णय घेता आला पाहिजे. दुसऱ्या पानावर विषयवार तक्ता, पासिंग टक्का आणि लेखीचा टक्का शेजारी शेजारी, आणि तीन वर्षांचे नापासांचे आकडे. तिसऱ्यावर उत्तरपत्रिकेतल्या चुकीच्या ओळी जशाच्या तशा, हे पान शिक्षकांच्या बैठकीत सगळ्यात जास्त बोललं जातं. चौथ्यावर आराखडा, आणि त्याला एक रिकामा रकाना: 'ऑगस्टअखेर काय आढळलं'.

तो रकाना ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात भरायचा. २६ पैकी १८ जण १२ च्या वर आले तर गट बंद करून उरलेल्या आठ जणांना दहावीच्या शिक्षकाकडे सोपवा. आठ-दहाच जण वर आले तर आधी हजेरी बघा. हजेरी निम्म्याहून कमी असेल तर वेळ चुकलीये, शिकवणं नाही, वेळ बदला. हजेरी चांगली असून मार्क हलले नाहीत तर मग पद्धत बदलायची, फळ्यावर नियम सांगण्याऐवजी संख्यारेषा, उधारी-जमा, तापमान यावरून नव्याने सुरू करायचं, आणि सप्टेंबरअखेर पुन्हा तीच चाचणी घेऊन दुसरा आकडा त्याच रकान्यात, तारखेसकट लिहायचा.